होल्डर आधी कपाटात ठेवा

या वेळी पत्रं आली ती सगळी सेल, बल्ब आणि वायर यांच्या पाठाबद्दल. नागपूर आणि आसपासच्या शिक्षकांची चार पत्रं घेतली आहेत.

मी किट वापरून पाठ घेते. होल्डरमध्ये बल्ब, दोन वायरी आणि सेल. वर्गात सगळ्यांचे बल्ब लागतात, पण चाचणीत अर्धी मुलं सेलपासून बल्बच्या बुडापर्यंत एकच वायर काढतात. असं का होतं? (सहावीच्या शिक्षिका, हिंगणा)

होल्डरमुळे. बल्बला दोन टोकं असतात, हीच या पाठातली मुख्य गोष्ट आणि होल्डर नेमकी तीच झाकून टाकतो. मूल दोन स्क्रूंना दोन वायरी बांधतं, बल्ब लागतो, पण आत काय कुठे टेकलंय ते त्याने पाहिलेलंच नसतं. घरी दिव्याला भिंतीतून एकच जाड वायर आलेली दिसते, म्हणून कागदावरही ते एकच रेघ ओढतं.

पहिल्या तासाला होल्डर कपाटातच राहू द्या. दोघांत मिळून एक सेल, एक टॉर्चचा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा द्या. पण वस्तू हातात देण्याआधी पाच मिनिटं फक्त कागद आणि पेन्सिल: "बल्ब लागेल असं चित्र काढ." चुकीची चित्रं गोळा करून ठेवा, फळ्यावर दुरुस्त करू नका. मग वस्तू द्या आणि पंधरा मिनिटं गप्प बसा. हे सगळ्यात अवघड, माझ्यासारख्या बोलक्या माणसाला तर फारच.

मागे एका वर्गात दोन मुली माझ्या अगदी समोर होत्या. बल्बचं बूड सेलच्या टोपीवर टेकवलेलं आणि वायरही तिथेच गुंडाळलेली. लागेना. मग वायरचं दुसरं टोक सेलच्या तळाला लावलं, तरी लागेना. एकीने वैतागून वायर सरकवली, ती बल्बच्या आट्यांच्या पितळी भागाला लागली आणि बल्ब क्षणभर उजळून विझला. "अगं, इथे! बाजूला लाव!" पुढची दहा मिनिटं त्या बल्बचं बूड आणि बाजू यांच्यामधली काळी कडाच पाहत बसल्या होत्या.

एका वायरने बल्ब लागण्याच्या चार तऱ्हा आहेत. सेलच्या टोपीवर बल्बचं बूड टेकवा आणि तळापासून वायर बल्बच्या बाजूला आणा, किंवा टोपीवर बाजू टेकवून वायर बुडाला आणा. सेल उलटा केला की आणखी दोन. चारही सापडेपर्यंत थांबा, कारण चौथीपर्यंत पोहोचलेलं मूल स्वतःच सांगतं की सेलचं कुठलं टोक कुठे ते महत्त्वाचं नाही, बल्बची दोन्ही टोकं वापरली गेली पाहिजेत.

आता सुरुवातीची चित्रं परत द्या. सेलच्या एका टोकावर बोट ठेवून ते न उचलता वायरवरून बल्बच्या एका टोकात शिरायचं, तारेतून जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं आणि सेलच्या दुसऱ्या टोकाशी पोहोचायचं. बोट कुठे अडलं तिथे गोल करा. आपलं चित्र का चुकलं ते मुलांना सांगावं लागत नाही. घरचा जुना पिनचा बल्ब असेल तर तोही दाखवा, त्याच्या बुडाशी डाखाचे दोन ठिपके अगदी उघड दिसतात.

वर्गात ४४ मुलं, सामान बेतानेच. काय आणि किती आणू? (शिक्षक, कामठी)

दोघांत एक धरलं तर २२ संच, शिवाय तीन बल्ब आणि दोन सेल जादा. तेवढं जमत नसेल तर चौघांत एक द्या: दोघांनी जोडायचं, दोघांनी चित्र काढायचं, मग अदलाबदल.

सेल मोठा, टॉर्चचा आणा. पेन्सिल सेलही १.५ व्होल्टचाच असतो, पण सहावीच्या हातातून सटकतो. बल्ब घेताना गळ्याच्या पितळी पट्टीवरचे आकडे वाचा. २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब एका सेलवर नारिंगी पण स्पष्ट पेटतो. ६ व्होल्टचा घेतलात तर तार जेमतेम तापेल आणि मुलं म्हणतील, लागलाच नाही. सगळे टॉर्च एलईडीचे झाल्यापासून हे बल्ब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, बर्डीला विचारा. वायर वीतभर, दोन्ही टोकांना दोन सेंटिमीटर प्लॅस्टिक सोललेली. सोलायचं काम आदल्या दिवशी तुम्हीच करा, नाहीतर तास त्यातच जाईल.

काही गटांचे बल्ब लागतच नाहीत आणि मी या बाकावरून त्या बाकावर धावत राहते. दोष पटकन कसा सापडेल? (शिक्षिका, नागपूर)

टेबलावर एक चालू जोडणी तयार ठेवा. इथे मात्र होल्डर चालेल, फक्त वर्तमानपत्राखाली झाका. ज्यांचा लागत नाही त्यांनी आपली एकच वस्तू आणून त्यात बदलून पाहायची. आधी बल्ब, मग सेल, मग वायर. जी बदलल्यावर चालू जोडणी बंद पडते, ती खराब. तिन्ही चांगल्या निघाल्या तर दोष जोडणीत, म्हणजे पुन्हा बोट फिरवायचं.

तरीही दोन फसवे प्रसंग येतात. एक आपल्या उन्हाचा. खिडकीशेजारच्या बाकावर एका सेलचा उजेड दिसतच नाही. बल्बभोवती ओंजळ करायला सांगा किंवा बाकाखाली नेऊन पाहू द्या. दुसरा प्रसंग मी स्वतः ओढवून घेतला होता. कूलरच्या मोटारी भरणाऱ्याकडून उरलेली तांब्याची तार मागून आणली, फुकट आणि लखलखीत. वर्गात एकही बल्ब लागला नाही. त्या तारेवर व्हार्निशसारखा पारदर्शक थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पण वीज अडवतो. टोकं पॉलिश पेपरने घासली, रंग फिकट गुलाबी झाला, तेव्हा बल्ब लागले. तास मात्र संपला होता.

एका मुलाच्या हातातली वायर गरम झाली, त्याने घरी सांगितलं आणि पालक शाळेत आले. हा प्रयोग धोक्याचा आहे का? आणि बल्बऐवजी एलईडी दिला तर? (शिक्षक, उमरेड)

त्या मुलाने वायर सेलच्या एका टोकापासून थेट दुसऱ्या टोकाला लावली असणार. वाटेत बल्बची बारीक तार नसली की अडवायला काही उरत नाही, प्रवाह खूप वाढतो, वायर आणि सेल दोन्ही तापतात आणि सेल लवकर संपतो. साध्या झिंक-कार्बन सेलवर बोटाला चटका बसेल इतकंच. अल्कलाइन सेल त्याहून जास्त प्रवाह देतो, म्हणून साधाच आणा. मोबाईलची किंवा कुठलीही चार्ज होणारी बॅटरी वर्गात येऊ देऊ नका, ती आगही लावू शकते. आणि घरच्या बोर्डात २३० व्होल्ट असतात, तिथे वायर लावून पाहायची नाही, हे त्याच तासाला स्पष्ट सांगा.

वर्गाचा नियम एकच: लावलं आणि लागलं नाही, तर लगेच सोडायचं, धरून ठेवायचं नाही. पालकांना बोलावून तीच जोडणी तीन सेकंद त्यांच्याच हातात द्या.

एलईडी पहिल्या तासाला नको. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३ च्या आसपास, म्हणजे एका सेलवर तो लागणारच नाही. शिवाय तो एकाच दिशेने लागतो, म्हणजे चार तऱ्हा शोधायचा खेळच बुडतो.