ब्लोअरखाली रबर टाकूनही स्लॅब का हादरतो?

प्रश्न: पहिल्या मजल्यावर 240 किलोचा ब्लोअर आहे, 960 आरपीएमवर चालतो. खाली 8 मिमीची रबर शीट टाकली, तर हादरा उलट वाढला. कोणते रबर माउंट घेऊ?

तुमची शीट फार कडक पडते आहे. अशी सलग शीट वजनाखाली जेमतेम अर्धा मिमी दबते, आणि सगळा हिशेब या दबण्यावरच चालतो. मशीन रबरावर स्वतःच्या ज्या वारंवारतेने डोलते ती साधारण अशी निघते (δ म्हणजे वजनाखालचा दाब, मिमीमध्ये):

fn = 15.8 / √δ

अर्ध्या मिमीला ती 22 हर्ट्झ येते. ब्लोअर 960 ÷ 60 = 16 हर्ट्झवर फिरतो. म्हणजे फ्रिक्वेन्सी रेशो r = 16 ÷ 22, जेमतेम 0.7. r हा 1.41 च्या वर गेल्याशिवाय रबर हादरा कमी करतच नाही. त्याखाली तो वाढवतो. तुमच्या बाबतीत स्लॅबला जवळपास दुप्पट बल पोचत असणार.

1.41 च्या वर ट्रान्समिसिबिलिटी, म्हणजे मशीनच्या बलाचा स्लॅबपर्यंत पोचणारा भाग, अशी काढतात:

T = 1 / (r² − 1)

पाचवा हिस्साच पोचावा असं धरलं तर r² = 6, r = 2.45. मग fn हवी 6.5 हर्ट्झ, आणि वरच्या सूत्रावरून दाब येतो सुमारे 6 मिमी.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. हलतं रबर स्थिर वजनाखालच्या रबरापेक्षा जास्त कडक असतं. तो फरक 1.3 पट धरला, तर वजन ठेवल्यावर प्रत्यक्षात साडेसात मिमी दबणारा माउंट लागेल. चार पायांवर सारखं वजन असेल तर प्रत्येकी 60 किलो. दुकानदाराला 'किती किलोचा' एवढंच सांगू नका, '60 किलोला किती मिमी बसतो' ते विचारा. 'मजबूत असू दे' म्हणून 150 किलोचा घेतलात, तर तो तुमच्या वजनाखाली जेमतेम बसेल आणि पुन्हा शीटचीच गत होईल.

मोटर एका बाजूला असेल तर त्या पायांवर वजन जास्त येतं. तिथे जरा कडक माउंट लावा, म्हणजे चारही सारखे दबतील. बसवण्याआधी आणि नंतर व्हर्नियरने प्रत्येक माउंटची उंची मोजा. दाब 3-4 मिमीच असेल तर ते बदलूनच घ्या.

डक्टला कॅनव्हासचा जोड हवाच, नाहीतर हादरा तिकडून उतरेल. व्हीएफडी असेल तर 390 आरपीएमच्या आसपास अनुनाद आहे, तिथे मशीन थांबू देऊ नका. किमान वेग 700 ठेवा. त्या वेगाला T साधारण 0.45 येईल.

हे सगळं स्लॅब माउंटपेक्षा पुष्कळ कडक आहे असं धरून आहे. लांब गाळ्याचा स्लॅब मध्यभागी स्वतःच झुलत असेल तर हे आकडे टिकत नाहीत. शक्य असेल तर ब्लोअर तुळईवर किंवा कॉलमजवळ सरकवा.