ऑनसाइट वॉरंटीत इंजिनिअर घरी येतो, पण कोणत्या बिघाडासाठी?

प्रश्न: आम्ही वाईजवळच्या गावात राहतो. मुलगी यंदा सांगलीला इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहते. लॅपटॉप ५६,००० ला ठरला आहे, वॉरंटी एक वर्ष कॅरी-इन. दुकानदार म्हणतो १,८०० भरून ऑनसाइट करून घ्या आणि ३,५०० भरून दोन वर्षांचे ॲक्सिडेंटल डॅमेज घ्या, मग काळजीच नाही. यातले नेमके काय घ्यावे?

उत्तर:

साताऱ्यातील एका पतसंस्थेच्या शाखांसाठी लॅपटॉप खरेदी करणे आणि त्यांच्या दुरुस्तीचा पाठपुरावा करणे हे माझे काम आहे, त्यामुळे वॉरंटीचे कागद वाचणे हा माझ्या नोकरीचाच भाग झाला आहे. दुकानदाराने आपल्याला हे पर्याय चढत्या पायऱ्यांसारखे सांगितलेले दिसतात, पण त्यांची मांडणी तशी नाही. कॅरी-इन आणि ऑनसाइट हे शब्द दुरुस्ती कोठे होईल एवढेच सांगतात. बिघाड कशामुळे झाला असता ती विनामूल्य होईल, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. दोन्हींत कंपनी फक्त उत्पादनातील दोषाची जबाबदारी घेते. लॅपटॉप पडला, त्यावर चहा सांडला किंवा विजेचा दाब अचानक वाढून तो जळला, तर ऑनसाइट वॉरंटी असूनही बिल आपल्यालाच भरावे लागते. ही कारणे ॲक्सिडेंटल डॅमेज या वेगळ्या कराराखाली येतात. तेव्हा १,८०० रुपये आणि ३,५०० रुपये हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत आणि ते स्वतंत्रपणेच घ्यावेत.

आधी ऑनसाइटचे पाहू. तक्रार नोंदवली की इंजिनिअर थेट दारात येतो, असा समज असतो. प्रत्यक्षात प्रथम फोनवर तपासणी होते. लॅपटॉप सुरू होताना ठरावीक बटण दाबून (एचपीमध्ये बहुधा F2, डेलमध्ये F12) कंपनीची अंगभूत चाचणी चालवायला सांगतात आणि तिच्यात आलेला कोड विचारतात. दोष त्या कोडवरून निश्चित झाल्यावर सुटा भाग रवाना होतो आणि त्यानंतर इंजिनिअरची भेट ठरते. कागदावर ‘नेक्स्ट बिझनेस डे’ असे लिहिलेले असले, तरी तो एक दिवस ही फोनवरची तपासणी संपल्यानंतर मोजायला सुरुवात होते. रविवार आणि सुट्ट्या त्यात धरत नाहीत, आणि भाग उपलब्ध नसेल तर मुदत पुढे जाते. काही सोपे भाग, उदाहरणार्थ चार्जर, कंपनी कुरियरने पाठवते आणि ते आपणच जोडावेत अशी तिची अपेक्षा असते. करारात तशी तरतूद असेल तर त्यावर वाद घालून उपयोग होत नाही.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पिन कोडची आहे. कंपन्या ऑनसाइट सेवा ठरावीक पिन कोडपुरती देतात. त्या क्षेत्राबाहेर तीच वॉरंटी कुरियरने पाठवण्याच्या किंवा कॅरी-इनच्या स्वरूपात येते, किंवा भेटीला जास्त दिवस लागतात. लॅपटॉप वर्षातले बहुतेक महिने सांगलीत राहणार असल्यामुळे वाईचा ४१२८०३ विचारण्यापेक्षा हॉस्टेलचा पिन कोड विचारावा. हॉस्टेल विश्रामबागेत असेल तर तो ४१६४१५ असेल. कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करून ‘या मॉडेलला, या पिन कोडवर, इंजिनिअर प्रत्यक्ष येतो का आणि किती दिवसांत’ असे विचारावे. दुकानदाराचे तोंडी ‘येतो हो’ यासाठी पुरेसे नाही, कारण तो खोटे बोलत नसला तरी बहुधा त्याच्या स्वतःच्या गावाचे सांगत असतो.

आता कॅरी-इन. यात मशीन आपण नेऊन द्यायचे आणि आपणच परत आणायचे. त्या कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर सांगलीत असेल, तर विद्यार्थिनीला यात फारशी अडचण नाही; ते कोल्हापुरात असेल तर निदान दोन फेऱ्या होतात. मात्र काही ठिकाणी ‘सर्व्हिस सेंटर’ म्हणून जो पत्ता दिलेला असतो तेथे मशीन फक्त जमा करून घेतात आणि दुरुस्तीसाठी पुण्याला किंवा आणखी दूर पाठवतात. हा फरक आधीच विचारून घ्यावा. दुरुस्ती त्याच टेबलावर होत असेल तर काम काही दिवसांत संपते, बाहेर पाठवत असतील तर परीक्षेच्या तोंडावर मुलगी लॅपटॉपविना बसते.

लॅपटॉप जमा करताना जॉबशीट वाचल्याशिवाय सही करू नये, असा माझा आग्रह असतो. त्यावर मशीनची स्थिती लिहिलेली असते. तेथे ‘फिजिकल डॅमेज’ किंवा ‘लिक्विड डॅमेज’ अशी नोंद झाली की काम वॉरंटीतून बाहेर जाते, आणि नंतर ती नोंद पुसून घेणे फार कठीण असते. सेंटरच्या काउंटरवरच झाकण, बिजागऱ्या, स्क्रीन आणि तळ यांचे फोटो काढावेत, म्हणजे कोपऱ्यातील भेग आधीची की नंतरची हा वाद उरत नाही.

खरे बारकावे ॲक्सिडेंटल डॅमेजमध्ये आहेत, आणि आपल्याला सांगितलेल्या पर्यायात एक मोठी फट दिसते. मूळ वॉरंटी एक वर्षाची आणि अपघाती संरक्षण दोन वर्षांचे, असे ते आहे. समजा, दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कीबोर्डवर चहा सांडला आणि कीबोर्ड व मदरबोर्ड मिळून १९,००० रुपयांचा अंदाज निघाला. योजना वैध असेल तर हा खर्च कंपनी करील. प्रत्येक दाव्यामागे ग्राहकाने ठरावीक रक्कम भरण्याची अट असेल तर तेवढीच आपल्याला भरावी लागेल. पण त्याच ऑगस्टमध्ये चहा न सांडता मदरबोर्ड आपोआप बंद पडला, तर तो अपघात नाही, आणि उत्पादनातील दोषाची वॉरंटी एक वर्षात संपलेली आहे. म्हणजे मदरबोर्ड तोच, महिना तोच, पण बिल मात्र पूर्ण आपले. काही कंपन्या दुसऱ्या वर्षाची साधी वॉरंटी आणि अपघाती संरक्षण एकत्र विकतात, काही फक्त अपघाताचे विकतात. ३,५०० रुपयांत नेमके काय मिळते, हे पावतीवर लिहून घ्यावे.

हेच उदाहरण थोडे पुढे नेऊ. चहाचा दावा मंजूर झाला आणि डिसेंबरमध्ये एस.टी.तून उतरताना सॅक आपटून स्क्रीन फुटली, तर काय होईल? अनेक योजनांत कराराच्या प्रत्येक वर्षात एकच दावा मान्य होतो. हे वर्ष जानेवारीपासून मोजत नाहीत; ते करार सुरू झालेल्या तारखेपासून चालते. लॅपटॉप जुलैत घेतला असेल तर ऑगस्ट आणि डिसेंबर एकाच वर्षात पडतात, आणि स्क्रीनचा खर्च आपल्या खिशातून जातो. चहा जूनमध्ये सांडून स्क्रीन डिसेंबरमध्ये फुटली असती, तर दोन्ही दावे बसले असते. न वापरलेला दावा सहसा पुढच्या वर्षात जमा होत नाही.

या योजनेतून वगळलेल्या गोष्टींची यादी लहान अक्षरांत असते, म्हणून तिच्यातील आपल्याशी संबंधित बाबी सांगतो. चोरी आणि हरवणे यांचा समावेश सहसा नसतो. कामात अडथळा न आणणारे ओरखडे आणि पोचे दुरुस्त होत नाहीत. बॅटरीची क्षमता वापराने घटली तर तो दोष मानत नाहीत, आणि लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची अनेकदा एकच वर्षाची असते. आग आणि पूर हेही बहुतेक योजनांत वगळलेले असतात. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले होते, तशा प्रसंगासाठी वेगळा विमा लागतो. विजेच्या दाबाने झालेले नुकसान मात्र अनेक योजनांत धरतात. ग्रामीण भागात ते मला सर्वांत उपयोगाचे कलम वाटते.

दोन गोष्टींनी चांगला दावाही फेटाळला जाऊ शकतो. पहिली म्हणजे अपघातानंतर मशीन आधी गल्लीतल्या दुकानात उघडणे. द्रव सांडल्यास लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, पुन्हा सुरू करून पाहू नये, आणि तसाच कंपनीकडे नोंदवावा. दुसरी गोष्ट नोंदणीची. दुकानदाराने दिलेले कार्ड किंवा कोड ठरावीक दिवसांत कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या सीरियल नंबरला जोडावा लागतो. तो जोडला नसेल तर पैसे भरूनही कंपनीच्या लेखी आपल्याकडे योजना नसते. कागदावर कंपनीऐवजी दुकानसाखळीचे किंवा एखाद्या विमा योजनेचे नाव असेल, तर तो निराळा करार आहे. तेथे दाव्याच्या रकमेतून घसारा कापतात का आणि किती तासांत कळवावे लागते, ही दोन कलमे प्रथम वाचावीत.

या सगळ्याची तपासणी पैसे देण्यापूर्वी दुकानातच करता येते. खोक्यावरील स्टिकरवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाकला की वॉरंटीचा प्रकार आणि तारखा दिसतात. काही ठिकाणी हा प्रकार 1-1-0 असा लिहितात: एक वर्ष सुटे भाग, एक वर्ष मजुरी, शून्य वर्षे ऑनसाइट. 1-1-1 असेल तर एक वर्ष ऑनसाइट आहे. सुरुवातीची तारीख कधीकधी कारखान्यातून माल निघाल्याची दिसते. जीएसटी बिल अपलोड करून ती खरेदीच्या तारखेवर आणून घ्यावी. लॅपटॉप घरी आणल्यावर खोक्यावरचा आणि आतला क्रमांक एकच आहे ना, हे पॉवरशेलमध्ये असे पाहता येते:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

आपल्या बाबतीत माझे मत असे आहे. अधिकृत सेंटर सांगलीत असेल आणि दुरुस्ती तेथेच होत असेल, तर ऑनसाइटचे १,८०० रुपये वाचवावेत, कारण हॉस्टेलमध्ये इंजिनिअरच्या भेटीच्या वेळी मुलीला लेक्चर बुडवून थांबावे लागेल. सेंटर सांगलीत नसेल आणि हॉस्टेलच्या पिन कोडवर ऑनसाइट मिळत असेल, तर ती घ्यावी. हॉस्टेलवरच्या लॅपटॉपसाठी अपघाती संरक्षण घेण्याच्या मी बाजूने आहे, पण दुसऱ्या वर्षाची साधी वॉरंटी त्यात जोडलेली असेल तरच. नसेल तर तिचा दर वेगळा विचारावा. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती वाढवता येते, अपघाती संरक्षण मात्र बहुधा खरेदीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या थोड्या दिवसांतच घेता येते, म्हणून पैसे कमी पडत असतील तर आज अपघाती घ्यावे आणि वाढीव वॉरंटी वर्ष संपण्याआधी घ्यावी.