रणगाडा देशी, गिअरबॉक्स जर्मन

प्रश्न: दक्षिण कोरिया, तुर्कस्तान असे देश रणगाडे स्वतः बनवतात, बाहेर विकायलाही निघतात. मग त्या ‘स्वदेशी’ रणगाड्यात इंजिन किंवा गिअरबॉक्स परदेशी का? परवान्यावर इतकी वर्षं उत्पादन करून ते शिकत कसे नाहीत?

उत्तर:

मी सोलापुरात इंजिनाचे कॅमशाफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. लष्करी काम आमच्याकडे नाही, रणगाड्यांचं वाचन हा माझा नाद. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आमच्या शॉपवर रोज दिसतं. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग येतं. व्यास किती, टॉलरन्स किती मायक्रॉन, हार्डनिंग किती, सगळं त्यावर असतं आणि तसा भाग आम्ही करून देतो. पण टॉलरन्स तेवढाच का ठेवला, तिथवर यायला आधी किती नमुने तुटले, हे ड्रॉइंगवर नसतं. शिवाय त्या ड्रॉइंगचा माल परस्पर दुसऱ्याला विकता येत नाही. परवान्यावर शस्त्र बनवणाऱ्या देशाचंही असंच असतं, फक्त ड्रॉइंगवाल्याच्या मागे त्याचं सरकारही उभं असतं.

कोरियाचं उदाहरण घ्या. त्यांचा के-1 रणगाडा 1980 च्या दशकातला. आराखडा अमेरिकन कंपनीने केलेला, इंजिन जर्मनीच्या एमटीयूचं. कोरियन कारखाने परवान्यावर असली जर्मन इंजिनं बनवायला शिकले. त्यामुळे पुढच्या के-2 रणगाड्याच्या वेळी त्यांनी ठरवलं की 1500 अश्वशक्तीचं इंजिन आणि त्याचा गिअरबॉक्स दोन्ही आपलेच करायचे. इंजिन डूसानकडे, गिअरबॉक्स एस अँड टी डायनॅमिक्सकडे (आता एसएनटी) गेला.

इथे गिअरबॉक्स म्हणजे ट्रकसारखा नुसता गिअर बदलणारा डबा समजू नका. रणगाड्याला स्टीअरिंगची चाकं नसतात. एक पट्टा जोरात आणि दुसरा हळू फिरवून तो वळतो, जागच्या जागी गरकन फिरतो. वेग, वळण आणि ब्रेक ही तिन्ही कामं त्या एकाच डब्यात होतात, तीही 55 टनांचं धूड खड्ड्यांतून पळवताना. त्यामुळे इंजिन जमलेल्या देशालाही गिअरबॉक्स जमेलच असं नाही.

कोरियात तेच झालं. काम लांबत गेलं, आणि सैन्य किती थांबणार? म्हणून पहिले 100 रणगाडे जर्मन इंजिन आणि जर्मनीच्याच रेंक कंपनीचा गिअरबॉक्स घालून बनले. कोरियन जोडीने उभ्या जागेवरून ताशी 32 किलोमीटर वेग 8 सेकंदांत गाठावा अशी अट होती. ती पुरी होईना, तेव्हा अट सैल करून 9 सेकंदांवर आणली. मला हा प्रकार लबाडीचा वाटत नाही, एका सेकंदासाठी सगळा प्रकल्प अडवून ठेवण्यात शहाणपण नव्हतं. पण टिकाऊपणाच्या चाचणीत अशी सूट मिळाली नाही. गिअरबॉक्सने 9,600 किलोमीटर बिघाडाशिवाय काढायचे होते आणि तो दर वेळी त्याआधीच अडखळला. कंपनीचं म्हणणं, परदेशी मालाला इतकी कडक परीक्षा लावलीच नव्हती. तक्रारीत तथ्य असेलही, पण 2018 मध्ये सरकारने तडजोड केली: पुढच्या 106 रणगाड्यांत इंजिन कोरियन आणि गिअरबॉक्स जर्मन.

आता तुर्कस्तान. त्यांचा अल्ताय रणगाडा 2008 पासून ओतोकार कंपनीने घडवला, तांत्रिक मदत कोरियाच्या ह्युंदाई रोटेमची. म्हणजे अल्ताय के-2 चा पाहुणा नव्हे, नातेवाईकच. प्रोटोटाइपमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स जर्मन होते. 2018 मध्ये 250 रणगाड्यांचं उत्पादन बीएमसी कंपनीला मिळालं. पण जर्मनीशी संबंध आधीच बिघडत चालले होते, आणि 2019 मध्ये तुर्की फौजा उत्तर सीरियात घुसल्यावर जर्मनीने शस्त्रनिर्यातीचे नवे परवाने रोखले. चिलखत, तोफ, निशाण्याची यंत्रणा सगळं असूनही रणगाडा जागचा हलेना. वर्षं अशीच गेली.

मग तुर्कस्तानने दार ठोठावलं ते कोरियाचं. घेतलं काय, तर डूसानचं इंजिन आणि एसएनटीचा तोच गिअरबॉक्स, जो खुद्द कोरियन सैन्याच्या चाचणीत नापास झाला होता. तुर्की चाचण्यांत तो चालला आणि 2025 च्या ऑक्टोबरात पहिले अल्ताय सैन्याच्या ताब्यात गेले. या निर्यातीने कोरियन कंपनीला जे मिळालं ते घरच्या ऑर्डरने दिलं नव्हतं: पुढची सुधारणा करत राहायला पैसा आणि निमित्त. 2024 मध्ये कोरियाने आपल्या के-2 च्या चौथ्या तुकडीसाठी देशी गिअरबॉक्सला मंजुरी दिली.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर या आकड्यांत आहे. मध्यम देशाची घरची गरज शंभर-दोनशेच्या तुकड्यांत येते. तेवढ्या गिअरबॉक्ससाठी वेगळा कारखाना, चाचणीचे बेंच आणि माणसं सांभाळणं परवडत नाही. जर्मन कंपन्या कित्येक देशांना पुरवतात, म्हणून त्यांचा खर्च वाटला जातो. मध्यम देशाला तो निर्यातीशिवाय वाटता येत नाही, आणि निर्यात करायची तर आत जर्मन भाग असल्यामुळे परवानगी पुन्हा बर्लिनची. कोरियाने पट्ट्यांवर स्वतः चालणाऱ्या के-9 तोफेसाठी 1000 अश्वशक्तीचं स्वतःचं इंजिन करायला घेतलं ते याचसाठी. जर्मन इंजिन वाईट म्हणून नव्हे, ते तर कोरियातच परवान्यावर बनत होतं.

ही अडवणूक फक्त जर्मनीच करते असं नाही. तुर्कस्तानने 2018 मध्ये पाकिस्तानला 30 टी-129 हेलिकॉप्टरं विकायचा करार केला होता. त्यातलं इंजिन अमेरिकन-ब्रिटिश भागीदारीतलं. अमेरिकेने निर्यात परवाना दिला नाही आणि सौदा बुडाला. फिलिपिन्सला मात्र तीच हेलिकॉप्टरं गेली.

म्हणूनच ‘अमुक टक्के स्वदेशी’ या आकड्यावर माझा विश्वास कमी आहे. तो बहुधा किमतीवर मोजतात. गिअरबॉक्स किमतीत छोटा हिस्सा असेल, पण त्याला पर्याय नसेल तर बाकी नव्वद टक्के उभेच राहतात. मी त्याऐवजी दोन गोष्टी शोधतो: तिसऱ्या देशाला विकताना कुणाची सही लागते, आणि ड्रॉइंगमध्ये बदल करायचा हक्क कुणाचा. दुसरीचं उत्तर ‘मूळ कंपनीचा’ असेल, तर तीस वर्षं परवान्यावर बनवूनही शिकणं जुळणीच्या पलीकडे फारसं जात नाही.

आपल्याकडेही हेच पाहता येईल. अर्जुन रणगाड्यात एमटीयूचं 1400 अश्वशक्तीचं इंजिन आणि रेंकचा गिअरबॉक्स आहे. 2021 मध्ये 118 अर्जुन एमके-1ए ची ऑर्डर गेली आणि काम अडलं ते इंजिनावरच. इतक्या छोट्या ऑर्डरसाठी पुरवठादार जुनी लाइन लगेच चालू करत नाही. मार्च 2024 मध्ये म्हैसूरला बीईएमएलमध्ये देशी 1500 अश्वशक्तीच्या इंजिनाची पहिली चाचणी झाली. चांगलं झालं, पण ते बेंचवर सुरू झालेलं इंजिन आहे. ते रणगाड्यात बसवून, गिअरबॉक्ससकट हजारो किलोमीटर पळवल्याची बातमी आली की मी तुम्हाला वेगळं उत्तर लिहीन.

तुर्कस्तानची तर हीच परीक्षा आता सुरू होते आहे. 250 पैकी पहिले 85 अल्ताय कोरियन इंजिनावर आणि उरलेले 165 त्यांच्या स्वतःच्या ‘बातू’ इंजिनावर, असा बेत आहे. त्या 165 पैकी किती खरंच बातूवर निघतात, एवढं मोजत राहा.