एचडीआर स्क्रीनशॉट: फिकट, विटका की भुरकट?

प्रश्न: एचडीआर व्हिडिओचा स्क्रीनशॉट काढला की सगळं वॉश्ड आउट दिसतं, याला मराठीत फिकट म्हणायचं की विटकं? आणि टोन मॅपिंगला काही शब्द आहे का? कलर पिकरने त्यातून घेतलेला रंग "खरा रंग" म्हणून लिहिला तर चालेल का?

उत्तर: फिकट नको. फिकट ही नीट, धडधाकट छटा असते, फिकट निळा शर्ट कोणी मुद्दाम विकत घेतो, त्यात बिघडलेलं काही नसतं. पांढरट तर अजिबातच नको कारण या स्क्रीनशॉटमधे गंमत उलटी असते, पांढरं पांढरं राहतच नाही, ते राखाडी होतं, आणि काळंही काळं न राहता राखाडीकडे वर सरकतं. दोन्ही टोकं मधे ओढल्यावर जे दिसतं त्याला आमच्या घरी तरी भुरकट म्हणतात, काचेवर धूळ बसल्यासारखं. मी भुरकटच वापरते.

विटका हा शब्द दिसण्यापुरता छान बसतो पण अर्थाने फसवा आहे. विटणे म्हणजे उन्हाने, धुण्याने रंग कायमचा जाणे. इथे रंग गेलेलाच नसतो, चुकीच्या पट्टीने वाचलेला असतो. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेली फाइल दुसऱ्या फाँटमधे उघडली की कसा कचरा दिसतो, अक्षरं मेलेली नसतात, फक्त वाचणाऱ्याला कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर ते माहीत नसतं, तसंच हे.

आता आकड्यात सांगते म्हणजे शब्द का निवडला ते कळेल. साध्या व्हिडिओत आकडा म्हणजे "स्क्रीनच्या पांढऱ्याच्या किती टक्के" एवढंच असतं. एचडीआरमधली पीक्यू नावाची पट्टी, जी २०१४ साली स्मप्टे या संस्थेने प्रमाण केली, ती थेट उजेड सांगते, ० पासून १०,००० निटपर्यंत, निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक. एवढी लांब पट्टी असल्यावर रोजचा कागदाचा पांढरा, जो सहसा २०३ निट धरतात, तो वर टोकाला न बसता साधारण ५८ टक्क्यांवर बसतो, वरची जागा सूर्य, दिवे, चकाकी यांच्यासाठी राखून ठेवलेली. स्क्रीनशॉट काढणारं सॉफ्टवेअर हे न बघता आकडे तसेच साध्या चित्रात ओततं आणि २५५ पैकी १४८ येतात, म्हणजे कागद राखाडी झाला. उलट बाजूला १ निटचा अंधार, जो साध्या चित्रात १५ च्या आसपास यायला हवा होता, तो ३८ वर येतो. वरून दाबलं, खालून उचललं, झालं भुरकट.

रंगांचं दुखणं वेगळं आणि ते यात मिसळतं. एचडीआरचे मूळ लाल, हिरवा, निळा हे जास्त भडक ठरवलेले असतात, त्यामुळे आपला नेहमीचा गर्द लाल #FF0000 त्या भाषेत लिहायला लाल थोडा कमी, हिरवा चिमूटभर, निळा अगदी किंचित असा मिसळून लिहावा लागतो. त्याच २०३ निटच्या हिशोबाने तो पीक्यूत लिहून मग चुकून साधा म्हणून वाचला तर मी केलेल्या गणितात १३६, ८३, ५६ आला, म्हणजे #885338. कुंकवाचा लाल जाऊन जुन्या विटेसारखा तपकिरी! विटका आणि विटकरी यांचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही, पण या एका पिक्सेलपुरते दोघं शेजारी येऊन बसले याचं मला भारी हसू आलं.

हे झालं चुकीच्या वाचनाचं. टोन मॅपिंग हा दुसराच प्रकार आणि लोक दोन्हीला एकच "रंग बिघडले" म्हणून मोकळे होतात. टोन मॅपिंगमधे आकडे बरोबर वाचलेले असतात, मग तो मोठा उजेड छोट्या जागेत बसवला जातो. मराठीत मी "उजेड बसवणे" म्हणते, ब्लाउज बसवतात किंवा गाण्याला चाल बसवतात तसं, कारण बसवताना कुठेतरी चिमटा घ्यावाच लागतो. नाम हवं असेल तर टोन मॅपिंगच लिहा, ओढूनताणून संस्कृत शब्द केला तर कोणालाच कळायचा नाही.

चिमटा कुठे घेतला यावर रंग ठरतो. एक ज्वाला घ्या, कागदाच्या पांढऱ्याला १ धरलं तर तिच्यात लाल ८, हिरवा २, निळा ०.२५. आठ पट उजेड चित्रात मावत नाही. सरळ १ वर कापलं तर लाल १, हिरवाही १, म्हणजे #FFFF89, लख्ख पिवळी ज्वाला. लाल, हिरवा, निळा प्रत्येकाला वेगवेगळा x/(1+x) हा राइनहार्डचा साधा दाब दिला तर #F2D57C, पिकल्या केळ्याचा पिवळट रंग, कारण लाल-हिरव्याचं चारास एक प्रमाण दबून जेमतेम सव्वापट-दीडपटीच्या मधे आलं. आणि तिघांना एकाच आकड्याने, म्हणजे ८ ने भागलं तर प्रमाण टिकतं आणि #FF8931 येतो, चांगला केशरी, पण मग बाकीचं सगळं चित्रही आठ पट काळोखं करावं लागतं किंवा ज्वालेची झळाळी सोडावी लागते. पिक्सेल एकच बरं का, आणि पिकर तीन वेळा तीन रंग सांगतो.

म्हणून "खरा रंग" लिहू नका. "टोन मॅप केल्यावरचा रंग" लिहा आणि कशाने केला तेही लिहा, नाहीतर दुसऱ्याला तो आकडा परत मिळणार नाही. मॅपिंग उलटं फिरवून मूळ काढता येईल ही आशाही कापलेल्या ज्वालेबाबत फुकट, ८ चं आणि २ चं दोन्हीचं १ झालं की कोण कुठून आलं ते चित्राला माहीत नसतं. भुरकटवाला मात्र बराच सुधारता येतो, पट्टी बरोबर लावली की झालं, फक्त ८ बिटांत आल्यामुळे आकाशात पायऱ्या दिसू शकतात.

हातातला स्क्रीनशॉट कुठल्या जातीचा ते ओळखायला त्यातला कागद, सदरा किंवा सबटायटल नसलेला कुठलाही साधा पांढरा पिकरने बघा (सबटायटल प्लेअर वेगळं रंगवतो, ते फसवतं). १४८ च्या आसपास राखाडी आणि लाल गोष्टी तपकिरी असतील तर चुकीचं वाचन. पांढरा ठीक पण दिवे-ज्वाळा पिवळट किंवा पांढऱ्या फटक असतील तर मॅपिंगचा चिमटा. मूळ फाइल असेल तर आधी हे चालवा:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=color_transfer,color_primaries movie.mkv
```

smpte2084 आणि bt2020 आलं तर पीक्यूच आहे, arib-std-b67 आलं तर एचएलजी, आणि तिथे वरचा १४८ चा हिशोब लावू नका, ती पट्टी वेगळी.