जेवण झालं काय? बरं, ते सोयाबीनचं विचारायचं होतं

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरकडची. सध्या यवतमाळ जिल्ह्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते आणि रोज वीसेक शेतकऱ्यांना फोन करते. ‘हॅलो’ झाल्यावर लगेच काम सांगितले की ‘बाई एकदम कामावरच येते’ म्हणतात. मधे गोड बोलायला गेले तर पाच मिनिटे तिथेच जातात. ‘हॅलो’नंतर नेमके काय म्हणावे आणि तिथून कामावर कोणत्या शब्दाने यावे?

उत्तर : आपल्याला लागणारे वाक्य एकच आहे आणि त्याच्या पाठोपाठ येणारा शब्दही एकच, ‘बरं’. मात्र ते वाक्य कोणतेही गोड वाक्य असून चालत नाही. त्याला एका शब्दात उत्तर देता आले पाहिजे आणि ते उत्तर देणाऱ्याच्या मनाला बोचता कामा नये. विदर्भातील खेड्यांत या दोन्ही अटी सर्वांत चांगल्या रीतीने पाळणारे वाक्य म्हणजे ‘जेवण झालं काय?’. या प्रश्नाच्या शेवटी कोणी ‘का’ म्हणते, कोणी ‘काय’. आपण कोणताही वापरला तरी अडत नाही.

अशा बोलण्याला मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 साली ‘फॅटिक कम्युनियन’ असे नाव दिले. माहिती देण्याघेण्यापेक्षा माणसामाणसांतील धागा जोडणे हे त्याचे काम, असे त्याचे म्हणणे होते. ते बहुतांशी पटते, पण जेवणाच्या प्रश्नाच्या बाबतीत अपुरे वाटते, कारण हा प्रश्न खरोखर माहितीही विचारतो. ‘झालं’ असे उत्तर आले, तर समोरचा माणूस मोकळा आहे हे कळते. ‘बसलोच हाव’ असे आले, तर ताट पुढे आहे हे कळते आणि ‘जेवून घ्या, मी अर्ध्या तासाने करते’ एवढे म्हणून फोन ठेवता येतो. ‘आपल्याला वेळ आहे का?’ हा कार्यालयातला प्रश्न जे काम करतो तेच हा प्रश्न करतो, फक्त समोरच्याला ‘वेळ नाही’ असे तोंडाने म्हणण्याच्या संकोचात पाडत नाही.

याउलट ‘पीकपाणी कसं आहे?’ हे वाक्य दिसायला अधिक आपुलकीचे आहे, पण फोनवर ते जपून वापरावे असे माझे मत आहे. या शब्दातला ‘पाणी’ म्हणजे प्यायचे किंवा ओलिताचे पाणी नव्हे. ‘चहापाणी’, ‘दाणापाणी’ यांतल्याप्रमाणे तो अर्थ पसरट करणारा शब्द आहे, ‘पीक आणि त्यासोबतचे सगळे’ असे सुचवणारा. त्यामुळे प्रश्नही पसरट होतो आणि उत्तरही. ज्याचे सोयाबीन काढणीच्या ऐन वेळी पावसात सापडले आहे, तो या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही. तो आपली हानी सांगू लागतो आणि ती ऐकून लगेच ‘बरं, नमुना घेऊन या’ म्हणणे हे काहीच न विचारता कामाला लागण्यापेक्षा अधिक रुक्ष वाटते. आपली पाच मिनिटे बहुधा अशाच प्रश्नांत जात असावीत. दुसरी अडचण उच्चाराची आहे. अनोळखी आवाजाने विचारलेले ‘पीकपाणी’ फोनवर ‘पीकपाहणी’ असे ऐकू येऊ शकते. 2021 पासून शेतकरी मोबाइलवरच्या ‘ई-पीक पाहणी’त आपल्या पिकाची नोंद करत आले आहेत, त्यामुळे ऐकणाऱ्याला हा तलाठ्याकडचा फोन वाटतो. माझ्यासमोर एका आजोबांनी अशाच प्रश्नाला ‘भरली ना बाप्पा, फोटोसुद्धा टाकला’ असे उत्तर दिले होते.

आता ‘बरं’कडे वळू. हा शब्द मूळचा ‘चांगले, ठीक’ या अर्थाचा, आणि संवादातही तो आधी तेच सांगतो : तुमचे उत्तर मी ऐकले, ते ठीक आहे, तो विषय पूर्ण झाला. त्याच दमात तो पुढचा विषय येत असल्याचीही सूचना देतो. म्हणून ‘बरं’ उत्तर ऐकल्यानंतरच यायला हवा. ‘जेवण झालं काय, बरं मी काय म्हणते’ असे एका श्वासात म्हटले, तर आपण प्रश्न केवळ रीत म्हणून विचारला हे लगेच उघड होते.

एक संवाद पूर्ण लिहून पाहू. काम असे आहे की शेतकऱ्याने सोयाबीनचा नमुना आणायचा आहे, कारण हमीभावाच्या खरेदीत ओलावा सर्वसाधारणपणे 12 टक्क्यांपर्यंत चालतो आणि ओला माल परत जातो.

— हॅलो, रामराम काकाजी, मी कंपनीतून बोलते.
— रामराम, रामराम.
— जेवण झालं काय?
— झालं आताच. तुमचं?
— हो, माझंही झालं. बरं काकाजी, ते सोयाबीनचं विचारायचं होतं. माल वाळला काय?
— दोन दिवस झाले वाळवून राह्यलो.
— मग उद्या येताना किलोभर नमुना आणाल काय? ओलावा मोजून घेऊ, म्हणजे पूर्ण माल घेऊन परत जावं लागणार नाही.

येथे ‘तुमचं?’ या उलट प्रश्नाला उत्तर देणे आवश्यक आहे, पण ते एका वाक्यापुरतेच असावे. जेवणात काय होते हे सांगू लागल्यास विषय पुन्हा उघडतो. ‘बरं’च्या पाठीवर ‘काकाजी’ हे संबोधन आले आहे. विदर्भात वडीलधाऱ्यांना सहज लावला जाणारा हा ‘जी’ वळणावरचा धक्का कमी करतो. सर्वांत महत्त्वाचे शब्द मात्र ‘ते’ आणि ‘होतं’ हे आहेत. ‘ते सोयाबीनचं’ म्हटल्याने विषय दोघांच्या ओळखीचा ठरतो, तो अंगावर आणून टाकल्यासारखा वाटत नाही; आणि विचारायचे आत्ता असूनही ‘विचारायचं होतं’ असा भूतकाळ वापरल्याने मागणीचा जोर उतरतो. ‘मला सोयाबीनविषयी विचारायचे आहे’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण या जागी ते नोटिशीसारखे ऐकू येते.

आपले वाक्य लागू पडले की नाही, हे समोरच्याच्या पुढच्या शब्दावरून ओळखता येते. त्याने ‘रामराम’नंतर लगेच ‘बोला’ म्हटले, तर त्याने स्वतःच दार उघडले आहे; तेव्हा जेवणाचा प्रश्न सोडून द्यावा आणि ‘ते सोयाबीनचं’पासूनच सुरुवात करावी. त्याने ‘काहून फोन केला व्हता?’ असे विचारले, तर आपण उशीर केला असे समजावे. ‘काहून’ म्हणजे ‘का’. हा शब्द इकडे उद्धट नाही. तो फक्त कामाचे बोला असे सांगतो. त्यावर माफी मागत बसू नये, सरळ उत्तर द्यावे.

त्याच दिवशी त्याच घरी दुसऱ्यांदा फोन करावा लागला, तर जेवणाचे पुन्हा विचारू नये. तेव्हा ‘काकाजी, परत मीच’ एवढे पुरते, आणि त्यानंतर ‘बरं’चीही गरज राहत नाही.