अवतरणचिन्हातलं वाक्य कोणाचं?

"मॅडम, बाई जे बोलल्याच नाहीत ते त्यांच्या नावानं प्रेसनोटमध्ये लिहाले सर सांगते. नाही म्हटलं तर नोकरी जाईन, लिहिलं तर झोप येत नाही. काय करू?"

संस्थांच्या बातम्या लिहिणारी पोरं हे दुखणं घेऊन नेहमी येतात. हा मुलगा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी संस्थेतला. कापूस उत्पादक बाई म्हणाल्या होत्या, "अळी यंदा कमी दिसली, पण फवारा काही सुटला नाही. दोनदा मारलाच." सचिवांना हवं होतं, "संस्थेच्या कामगंध सापळ्यांमुळे माझा फवारणीचा सगळा खर्च वाचला."

मी विचारलं, "हे छापून आलं तर बाईंचं काय होईल?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "कृषी केंद्रावर त्यायची उधारी आहे. दुकानदार म्हणन, खर्च वाचला ना, मंग दे पैसे."

तिथे गाठ सुटली. तोवर त्याला फक्त सरांचा चेहरा दिसत होता. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करणारी समुपदेशक. भीती झटकून टाक असं सांगत नाही, ती नेमकी कशाची आहे ते तपासायला लावते. त्याची भीती नोकरीची कमी आणि सरांचा अपमान होईल याची जास्त होती. वाक्य नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं, हे समीकरण त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. हे मला लवकर दिसलं, पण ते त्याच्याच तोंडून येईपर्यंत मी थांबले.

"सापळा कशासाठी लावतात?" मी विचारलं. हे तर त्याचं रोजचं काम. मादीच्या गंधाला भुलून सापळ्यात अळीचे नर पतंग अडकतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणीची वेळ आली असं समजतात. म्हणजे फवारणी कधी करायची ते सापळा सांगतो, ती टळेलच याची हमी देत नाही. हे बोलता बोलता त्याचा आवाज बदलला.

मग आम्ही नकार बांधला. बाईंची वऱ्हाडी प्रमाण मराठीत आणायला हरकत नाही, पण 'पण'नंतरचं अर्धं वाक्य गाळलं तरी अर्थ फिरतो. लिहिलेलं बाईंना फोनवर वाचून दाखवायचं आणि त्या "हो, हेच म्हटलं मी" म्हणाल्या तरच अवतरणचिन्ह लावायचं. सरांना 'नाही'सोबत दुसरी वाट द्यायची: "सर, बाईंचं वाक्य मी बदलत नाही. तुमचा दावा तुमच्या नावानं टाकू का?" तरीही बदललेली नोट जाणार असेल, तर ती आपल्या हातून पाठवायची नाही आणि बाईंना आधी कळवायचं. अशा वेळी नोकरीवर गदा येऊ शकते, हेही मी लपवलं नाही.

सर चिडले. दोन दिवस बोलले नाहीत. मग दावा आपल्या नावावर घ्यायला तयार झाले, आणि नोट जाण्याआधी त्यातला 'सगळा' हा शब्द त्यांनी स्वतःच खोडला.