मोजणीच्या रात्री आलेला माल

तुझ्या हॉटेलचा फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीच्या तुलनेत वापरलेल्या मालाचा खर्च, एका महिन्यात 31 टक्के आणि पुढच्या महिन्यात 35 आला, म्हणून लगेच किचनवर संशय घेऊ नकोस. आधी महिन्याच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे स्टॉक मोजतोस त्या दिवशी, आलेल्या मालाची चलनं काढून बघ.

समज, सुरुवातीचा स्टॉक 80,000, खरेदी 3,20,000 आणि शेवटचा स्टॉक 70,000. म्हणजे वापर 3,30,000. विक्री 10,00,000 असेल, तर खर्च 33 टक्के. आता या खरेदीतला 20,000 चा माल मोजणीच्या संध्याकाळी आला, तो फ्रीजरमध्ये शेवटच्या स्टॉकमध्ये मोजला गेला, पण बिल पुढच्या महिन्यात चढलं. खरेदी 3,00,000 दिसते आणि खर्च 31 टक्के. पुढच्या महिन्यात तेच बिल उलटं अंगावर येतं. मी स्वतः यात फसलोय, आणि विनाकारण स्टोअरच्या माणसाला बोललो, याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून मोजणी किचन बंद झाल्यावरच कर, आणि मोजलेल्या प्रत्येक मालाचं बिल त्याच महिन्यात धर. एकाने मोजावं, दुसऱ्याने लिहावं. उघडलेला डबा अंदाजाने ‘अर्धा’ लिहू नकोस, काट्यावर ठेव आणि रिकाम्या डब्याचं वजन वजा कर. तयार ग्रेव्ह्या, मॅरिनेट करून ठेवलेला माल हेही धर. नवखे लोक नेमकं तेच विसरतात.